पुन्हा विचारण्याआधी किती थांबायचे?

ठरावीक वेळाने एका संगणकावरची माहिती दुसऱ्या संगणकावरच्या माहितीशी जुळवून घेण्याच्या कामाला सिंक म्हणतात. दुसरा संगणक बहुधा परक्या कंपनीचा असतो आणि त्याच्याकडून माहिती मागण्याची ठरलेली वाट, म्हणजे एपीआय, हजारो लोक एकाच वेळी वापरत असतात. म्हणून ती कंपनी प्रत्येक ग्राहकाला मोजून विनंत्या करू देते. मोजमाप ओलांडले की माहितीऐवजी `429 Too Many Requests` असे उत्तर येते. हा क्रमांक एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ या दस्तऐवजात ठरवला गेला. त्याचा अर्थ नेमका आहे: विनंती चुकीची नाही, सर्व्हरही बंद पडलेला नाही, पण या ग्राहकाने थोड्या वेळात फार वेळा विचारले आहे. पुढे काय करायचे हे विचारणाऱ्याने ठरवायचे असते. पुन्हा विचारायचे हे उघड आहे. अवघड आहे ते किती वेळाने विचारायचे हे ठरवणे.

गूगल शीट्सचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न आकड्यांत मांडता येतो. या एपीआयवर वाचनाच्या विनंत्यांना एका प्रकल्पासाठी मिनिटाला ३०० आणि त्या प्रकल्पातील एका वापरकर्त्यासाठी मिनिटाला ६० अशी मर्यादा आहे. दिवसाची वेगळी मर्यादा नाही. मिनिटाचा कोटा दर मिनिटाला पुन्हा भरतो. आता १८० शाखा असलेल्या एका दुकानाची कल्पना करू. प्रत्येक शाखा आपला शिल्लक माल एका शीटमध्ये लिहिते आणि मुख्य कार्यालयातला प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी त्या १८० शीट वाचून एकत्रित साठा तयार करतो. प्रत्येक शाखेचे वाचन हे स्वतंत्र काम आहे, पण सगळी कामे एकाच सर्व्हिस अकाउंटच्या नावाने चालतात. त्यामुळे गूगलच्या हिशेबी हा एकच वापरकर्ता आहे आणि त्याला मिनिटाला ६० वाचने मिळतात.

क्रॉनमध्ये `*/15 * * * *` असे लिहिलेले असल्याने दहाच्या ठोक्याला १८० विनंत्या एकदम निघतात. साठ शाखांची माहिती येते, १२० शाखांना 429 मिळतो. सोपेपणासाठी कोटा प्रत्येक मिनिटाच्या आरंभी नव्याने भरतो असे धरले, तर पुढची जवळजवळ साठ सेकंदे कोणी कितीही विचारले तरी नकारच मिळणार आहे. नकार मिळालेल्या १२० कामांना मात्र हे ठाऊक नाही. आपल्याबरोबर आणखी ११९ जण खोळंबले आहेत, हेही त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. पुढच्या सगळ्या युक्त्या याच अज्ञानातून निघाल्या आहेत.

सर्वांत भोळा प्रोग्रॅम नकार मिळताच पुन्हा विचारतो. एका नकाराला सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल, तर एक काम सेकंदाला पाच वेळा विचारते, १२० कामे सहाशे वेळा, आणि मिनिट संपेपर्यंत सुमारे छत्तीस हजार निष्फळ विनंत्या निघून जातात. त्यांतून एकाही शाखेचा साठा कळत नाही. उलट ही गर्दी सर्व्हरवरचा भार वाढवते, आणि काही सेवा असे वागणाऱ्या ग्राहकाला अधिक कडक बंदी लावतात. गिटहबच्या दस्तऐवजात तर मर्यादा लागू असताना विनंत्या चालूच ठेवल्या तर तो प्रोग्रॅमच बंद केला जाऊ शकतो, असे स्पष्ट बजावलेले आहे.

म्हणून प्रत्येक नकारानंतर प्रतीक्षा दुप्पट करायची: आधी एक सेकंद, मग दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. यालाच एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात. आता आपल्या १२० कामांचे प्रयत्न सुरुवातीपासून मोजून पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, एकतिसाव्या आणि त्रेसष्टाव्या सेकंदाला होतात. पहिल्या पाच फेऱ्यांत सगळ्यांना नकार मिळतो, म्हणजे सहाशे विनंत्या वाया जातात. छत्तीस हजारांच्या तुलनेत हे फार थोडे. त्रेसष्टाव्या सेकंदाला कोटा भरलेला असतो, तेव्हा साठ कामे सुटतात. उरलेली साठ आणखी ६४ सेकंद थांबतात आणि १२७व्या सेकंदाला सुटतात.

हिशेब जुळला तरी एक दोष तसाच राहिला. एकाच क्षणी नाकारलेली कामे एकाच नियमाने थांबली, म्हणून ती प्रत्येक वेळी पुन्हा एकाच क्षणी आली. त्रेसष्टाव्या सेकंदाला १२० जण एकदम दाराशी उभे राहिले आणि त्याआधीची बत्तीस सेकंदे दारात चिटपाखरूही नव्हते. प्रतीक्षा वाढली, पण घोळका फुटला नाही. जिथे मिनिटाच्या कोट्याखेरीज एका क्षणी किती विनंत्या चालू असाव्यात यावरही बंधन असते, तिथे हा घोळका पुन्हा पुन्हा त्याच बंधनावर आदळतो. एकाच क्षणी एक हजार ग्राहकांची जोडणी तुटली, तर ते एक हजार ग्राहक पुढेही हातात हात घालूनच येत राहतात.

घोळका फोडण्यासाठी प्रतीक्षेत यदृच्छेचा अंश मिसळतात. त्याला जिटर म्हणतात. 'नेमके सोळा सेकंद थांब' असे सांगण्याऐवजी 'शून्य ते सोळा सेकंदांमधली कोणतीही एक वेळ चिठ्ठी टाकून निवड' असे प्रत्येक कामाला सांगायचे. दुप्पट होते ती प्रतीक्षा नव्हे, चिठ्ठ्यांची कक्षा दुप्पट होते. मार्क ब्रुकर यांनी २०१५ साली ॲमेझॉनच्या वास्तुरचनाविषयक लेखात या पद्धतीला फुल जिटर असे नाव देऊन इतर पद्धतींशी तिची तुलना केली. अर्धी प्रतीक्षा ठाम ठेवून उरलेली अर्धी यदृच्छ घ्यायची, ही त्यांतली दुसरी एक पद्धत. पूर्ण कक्षा यदृच्छ ठेवली तर सर्व्हरवर पडणारे एकूण काम बिनजिटरच्या पद्धतीपेक्षा पुष्कळ कमी होते, हे त्यांनी नमुना-गणनेने दाखवले.

मात्र ही कल्पना २०१५ची नव्हे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी घडवलेल्या इथरनेटमध्ये ती पहिल्यापासून आहे. त्यांचा शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. एकाच तारेवर दोन यंत्रे एकदम बोलली की संदेशांची टक्कर होते. टक्कर झाल्यावर प्रत्येक यंत्र ठरावीक लांबीच्या कालखंडांपैकी एक चिठ्ठीने निवडते आणि तेवढे थांबते. दहा मेगाबिटच्या इथरनेटवर हा कालखंड ५१.२ मायक्रोसेकंदांचा असतो. पुन्हा टक्कर झाली तर निवडीची कक्षा दुप्पट होते. दहा टकरींनंतर कक्षा ० ते १०२३ कालखंडांवर थांबते, आणि सोळा प्रयत्न फसले की यंत्र तो संदेश सोडून देते. चिठ्ठी, दुप्पट, कमाल कक्षा आणि माघार ही चारही अंगे तिथे एकत्र होती. पुढे पुष्कळ प्रोग्रॅममध्ये दुप्पट तेवढी उचलली गेली आणि चिठ्ठी मागे राहिली, हे खरे दुर्दैव. कारण मूळ रचनेत दुपटीला अर्थ चिठ्ठीमुळेच होता.

तो अर्थ आपल्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. १२० कामे खोळंबली आहेत आणि मिनिटाला ६० सुटतात, म्हणजे गर्दी ओसरायला दोन मिनिटे लागणारच. सगळ्यांनी कोटा भरण्याची वाट पाहिली आणि त्यानंतरच्या दोन मिनिटांत चिठ्ठी टाकून आपली वेळ निवडली, तर प्रत्येक मिनिटाच्या वाट्याला साधारण साठ जण येतील. नशिबाने एखाद्या मिनिटात त्रेसष्ट आले तर तिघांना पुन्हा थांबावे लागेल, एवढेच. कक्षा दहा सेकंदांची ठेवली असती, तर त्या दहा सेकंदांत १२० जण येऊन निम्मे परतले असते. कक्षा एका तासाची ठेवली असती, तर नकार कोणालाच मिळाला नसता, पण साठा तासाभराने शिळा झाला असता. म्हणजे योग्य कक्षा एकाच भागाकाराने ठरते: खोळंबलेल्यांची संख्या भागिले सुटण्याचा वेग.

अडचण अशी की खोळंबलेले किती, हे एकट्या कामाला कधीच कळत नाही. त्याच्या हाती येणारी खूण एकच, ती म्हणजे नकार. एक नकार मिळाला तर गर्दी आहे. सलग पाच मिळाले तर आपण धरलेल्या कक्षेपेक्षा ती कितीतरी मोठी आहे. प्रत्येक नकारानंतर कक्षा दुप्पट करणे म्हणजे गर्दीचा आपला अंदाज दुप्पट करणे. एकेका सेकंदाने वाढवत दोन मिनिटांच्या कक्षेपर्यंत पोचायला शंभराहून अधिक नकार लागले असते. दुपटीने सात लागतात. कोणाशीही न बोलता, नकार मोजूनच प्रत्येक काम आपल्याभोवती किती जण उभे आहेत याचा सुमार काढते. बॅकऑफ आणि जिटर या दोन युक्त्या आहेत असे सांगण्याची पद्धत आहे, पण एकाच अंदाजाच्या त्या दोन बाजू आहेत.

सात नकार हीसुद्धा किंमत आहे, आणि जी गोष्ट आधीच माहीत आहे ती शोधण्यात ती खर्च करू नये. पुष्कळ सर्व्हर 429 बरोबर `Retry-After` नावाची ओळ पाठवतात. तिच्यात सेकंदांचा आकडा असतो किंवा तारीख-वेळ असते. प्रोग्रॅमला दोन्ही वाचता आले पाहिजे. ही ओळ आली की तेवढा वेळ गप्प बसायचे, पण ती वेळ संपताच विचारायचे नाही. सर्व्हरने १२० जणांना 'साठ सेकंदांनी या' असे सांगितले आणि सगळे आज्ञाधारकपणे साठाव्या सेकंदाला आले, तर घोळका पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. म्हणून सर्व्हरने सांगितलेली वेळ अधिक चिठ्ठीची वेळ, अशी बेरीज करायची. अशी ओळ येत नसली तरी कोटा मिनिटाचा आहे हे दस्तऐवजातून ठाऊक असते, तेव्हा एका सेकंदापासून सुरुवात करण्यात फारसा अर्थ नाही. तीस सेकंदांच्या कक्षेने सुरुवात केली तर सातऐवजी दोन-तीन नकारांत काम भागते.

पायथॉनमध्ये हे सारे थोडक्यात असे लिहिता येते:

```python
import random, time

BASE, CAP, DEADLINE = 30, 240, 600

def fetch_with_retry(fetch):
    start, attempt = time.monotonic(), 0
    while True:
        status, retry_after, data = fetch()
        if status == 200:
            return data
        if status not in (429, 503):
            raise RuntimeError(status)
        window = min(CAP, BASE * 2 ** attempt)
        wait = (retry_after or 0) + random.uniform(0, window)
        if time.monotonic() - start + wait > DEADLINE:
            return None
        time.sleep(wait)
        attempt += 1
```

`window` ही चिठ्ठ्यांची कक्षा. ती तीस, साठ, एकशे वीस अशी वाढत २४० सेकंदांवर थांबते. कमाल मर्यादा आणि मुदत दोन्ही नसत्या, तर सर्व्हर काही काळ बंद राहिल्यावर कामे तासन्‌तास झोपली असती आणि सर्व्हर परत आल्यावरही उठली नसती. `status` तपासणारी ओळ तितकीच महत्त्वाची आहे. परवानगी नाही किंवा शीटच सापडली नाही, अशा नकारांना थांबून उपयोग नसतो. ती चूक माणसाने दुरुस्त करायची असते. इथे सेवेसेवेत फरक मात्र असतो. गिटहबवर मर्यादा ओलांडल्याचे उत्तर 429 सारखेच 403 या क्रमांकानेही येऊ शकते, आणि `x-ratelimit-remaining` मध्ये शून्य दिसते का हे पाहूनच तो नकार कोणत्या जातीचा हे ओळखावे लागते.

वाचन पुन्हा केल्याने काही बिघडत नाही; लेखनाचे तसे नाही. 429 आला तर विनंती दारातूनच परत आलेली असते, म्हणून ती पुन्हा पाठवायला धोका नसतो. पण उत्तरच आले नाही आणि जोडणी तुटली, तर ओळ लिहिली गेली की नाही हे कळायला मार्ग नाही. शीटच्या शेवटी नवी ओळ जोडणारी विनंती अशा वेळी डोळे झाकून पुन्हा पाठवली, तर तोच माल दोनदा नोंदला जातो. तेव्हा प्रत्येक नोंदीला आपला क्रमांक देऊन तो आधीच आहे का हे तपासावे लागते.

पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सिंकला आणखी एक गुंता चिकटलेला असतो. सव्वादहाची फेरी सुरू झाली तेव्हा दहाच्या फेरीतली कामे अजून प्रयत्नच करत असतील, तर एकाच शाखेसाठी दोन कामे कोटा खाऊ लागतात. साडेदहाला तीन होतात. नकार वाढतात, म्हणून प्रतीक्षा वाढतात, म्हणून आणखी फेऱ्या एकमेकींवर चढतात. वरच्या प्रोग्रॅममधील सहाशे सेकंदांची मुदत यासाठीच आहे. दहा मिनिटांत जमले नाही तर ती शाखा या फेरीपुरती सोडून द्यायची, आणि आधीची फेरी संपेपर्यंत दुसरी सुरू होऊ नये म्हणून कुलूपही ठेवायचे. सोडून देणे इथे परवडते, कारण पुढची फेरी पाच मिनिटांवर असते आणि ती ताजाच साठा वाचते. शेवटच्या फेरीनंतर बदललेले तेवढेच मागवणाऱ्या सिंकमध्ये मात्र 'इथपर्यंत वाचले' ही खूण यश मिळाल्यावरच पुढे सरकवावी लागते. ती आधी सरकवली आणि वाचन फसले, तर मधले बदल कायमचे निसटतात आणि नोंदवहीत चूक म्हणून काहीच दिसत नाही.

फसलेल्या रचनांमध्ये थरावर थर चढवलेले प्रयत्नही वारंवार आढळतात. गूगलच्या पायथॉन ग्रंथालयात `execute(num_retries=5)` असे लिहिले की ते ग्रंथालय स्वतःच यदृच्छ, दुपटीच्या प्रतीक्षेने पाच वेळा पुन्हा विचारते. त्यावर वरचा प्रोग्रॅम गुंडाळला, तर त्याचा एक प्रयत्न म्हणजे आत सहा विनंत्या होतात. त्याच्याही वर फसलेले काम तीनदा चालवणारी यंत्रणा असली, तर गुणाकार फार लवकर वाढतो. पुन्हा विचारण्याचा अधिकार एकाच थराला द्यावा. चिठ्ठ्या खरोखर वेगवेगळ्या निघतात का, हेही पाहावे लागते. चाचणीच्या सोयीसाठी यदृच्छ संख्यांचे बीज ठरावीक ठेवले आणि ते तसेच राहून गेले, तर १२० कामे १२० सारख्याच चिठ्ठ्या काढतात.

हे दोष नोंदवहीत ओळखता येतात. प्रत्येक 429 ची वेळ सेकंदांत मांडावी. नकार पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या सेकंदाला उंच दांड्यांसारखे दिसले, तर जिटर नाही किंवा ते चालत नाही. ते पसरलेले असून हळूहळू विरत गेले, तर रचना नीट चालली आहे. पण फेरीच्या पंधराही मिनिटांत नकार सारखेच येत राहिले, तर दोष प्रतीक्षेचा नाहीच. शाखा एक हजार झाल्या तर पंधरा मिनिटांत एक हजार वाचने, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ हवीत आणि मिळतात ६०. बॅकऑफ मागणी वेळेत पसरवतो, कमी करत नाही. तिथे फेरीचे अंतर वाढवावे लागते, किंवा बदललेल्या शीटच वाचाव्या लागतात, किंवा कोटा वाढवून मागावा लागतो. एकाच शीटमधले अनेक भाग वेगवेगळे वाचले जात असतील, तर `spreadsheets.values.batchGet` ने ते एका विनंतीत आणता येतात.

आपल्या १८० शाखांचा हिशेबही याच नजरेने पुन्हा करावा. पंधरा मिनिटांत १८० वाचने म्हणजे मिनिटाला फक्त बारा. मर्यादा ६० आहे. कोटा कधीच अपुरा नव्हता. सगळ्या शाखा दहाच्या ठोक्याला उठत होत्या, एवढेच. प्रत्येक शाखेला तिच्या क्रमांकानुसार पाच सेकंदांचे अंतर दिले, म्हणजे पहिली दहा वाजता, दुसरी दहा वाजून पाच सेकंदांनी, तर १८० शाखा नेमक्या नऊशे सेकंदांत बसतात आणि 429 येण्याचे कारणच उरत नाही. लिनक्सवरच्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये `RandomizedDelaySec` हा पर्याय याच कामासाठी आहे: ठरलेल्या वेळेनंतर किती यदृच्छ उशिरा सुरुवात करायची ते तो ठरवतो. जिटर नकारानंतर लावण्याऐवजी आरंभालाच लावले, तर नकारानंतरची सगळी यंत्रणा क्वचितच कामाला लागते: दुसरा एखादा प्रोग्रॅम त्याच अकाउंटवरून वाचू लागला तर, सर्व्हर मधेच बंद पडून परत आला तर, किंवा क्रॉन चालवणारे यंत्र बंद होऊन सुरू झाल्यावर तुंबलेल्या सगळ्या शाखा एकदम सुटल्या तर.